तीन कागद आणि एक पत्र्याची पेटी

माझे धाकटे मामा गेले त्यानंतर माळ्यावरची त्यांची पत्र्याची पेटी खाली काढली. पेटीत एक मनगटी घड्याळ होते, अरबी आकड्यांची दोन कॅलेंडरे होती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली कागदपत्रे होती. खेड तालुक्यातल्या आमच्या गावातून मामा 1986 साली दुबईला गेले आणि 1996 साली परत आले. त्या दहा वर्षांबद्दल ते फारसे बोलत नसत. विचारले की एवढेच म्हणायचे, ''अरे, पासपोर्ट माझाच होता, पण माझ्याकडे नव्हता.'' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा नेमका अर्थ मात्र ती पिशवी उघडल्यावर कळला.

पिशवीत पासपोर्टच्या पानांची झेरॉक्स होती, व्हिसाच्या कागदाची झेरॉक्स होती आणि कामाच्या कार्डाची झेरॉक्स होती. अस्सल कागद एकच होता आणि तो या तिन्हींपैकी नव्हता. त्याच्याकडे शेवटी येतो. परदेशी नोकरीला निघालेल्या माणसाच्या बोलण्यात 'कागद झाले' असा एकच शब्दप्रयोग असतो. पण हे तीन कागद तीन वेगवेगळ्या सत्तांनी, तीन वेगवेगळ्या कारणांसाठी आणि इतिहासाच्या तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर जन्माला घातलेले आहेत. त्यांतला एक हातात असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही, आणि एकाने दिलेला हक्क दुसरा देत नाही. मामांची दहा वर्षे या फरकातच गेली. म्हणून त्यांचेच कागद समोर ठेवून हा इतिहास मांडतो.

पहिला कागद पासपोर्ट. आपल्याला वाटते की पासपोर्ट म्हणजे परदेशी जाण्याची परवानगी. मुळात तो आपल्या सरकारने जगाला दिलेला दाखला आहे. हा माणूस आमचा आहे, त्याला वाटेत अडवू नये, आणि तो परत आला तर आम्ही त्याला घेऊ, एवढेच तो सांगतो. दुसऱ्या कुठल्याही देशाचे दार उघडण्याची ताकद त्यात नाही.

पहिल्या महायुद्धापर्यंत मुंबई बंदरातून आखाताकडे किंवा आफ्रिकेकडे जाणाऱ्या सामान्य माणसाला असल्या पुस्तिकेची गरज पडत नसे. युद्धकाळात भारत संरक्षण कायद्याखालच्या नियमांनी पासपोर्ट सक्तीचा झाला आणि युद्ध संपल्यावरही ती सक्ती टिकली. 1920 साली भारतीय पासपोर्ट कायदा झाला. नाव असे असले तरी त्याचा विषय देशात येणाऱ्यांकडे पासपोर्ट असावा हा होता. देशाबाहेर जाणाऱ्याला पासपोर्ट कोणत्या अटींवर द्यावा किंवा नाकारावा, याचा कुठलाही कायदा पुढची सत्तेचाळीस वर्षे झाला नाही. पासपोर्ट म्हणजे सरकारची मर्जी, असेच चालले होते.

ही मर्जी मोडली ती एका व्यापाऱ्याच्या खटल्याने. सतवंतसिंग साहनी हे मोटारींच्या सुट्या भागांच्या आयात-निर्यातीचा धंदा करणारे गृहस्थ. सरकारने त्यांना पासपोर्ट परत करायला सांगितले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल 1967 मध्ये सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्या खंडपीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल दिला की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायद्यावाचून तो काढून घेता येणार नाही. सरकारपुढे प्रश्न उभा राहिला, कारण असा कायदाच नव्हता. घाईने वटहुकूम निघाला आणि जून 1967 मध्ये आजचा पासपोर्ट कायदा मंजूर झाला. पुढे 1978 साली मनेका गांधी यांच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. कायदा असणे पुरेसे नाही, त्यातली पद्धतही न्याय्य असली पाहिजे, असे त्या निकालाने सांगितले.

या 1967 च्या कायद्यातले सतरावे कलम आमच्या गोष्टीसाठी महत्त्वाचे आहे. पासपोर्ट हा सदासर्वकाळ केंद्र सरकारच्या मालकीचा राहील, असे ते कलम म्हणते. म्हणजे पासपोर्ट ज्याच्या नावाचा आहे त्याचाही तो नाही, मग त्याच्या मालकाचा कुठून असणार? मामांना हे कलम कोणी सांगितले असते तर त्यांना हसू आले असते. पण कायदा हाच होता आणि आजही हाच आहे.

झेरॉक्समधल्या एका पानावर इंग्रजीत शिक्का आहे, परदेशगमनासाठी तपासणी आवश्यक. बोलीभाषेत याला 'ईसीआर' म्हणतात. त्याच्या पुढच्या पानावर तपासणी पूर्ण झाल्याचा मुंबईच्या कार्यालयाचा दुसरा शिक्का आहे. या दोन शिक्क्यांची मुळे थेट गिरमिटियांपर्यंत जातात. मॉरिशस, फिजी, नाताळ इथे करारावर मजूर पाठवण्याची पद्धत 1917 सालापर्यंत पुरती थांबली. तिचे अनुभव डोळ्यांसमोर ठेवून 1922 चा परदेशगमन कायदा झाला. मजुराला फसवून जहाजावर चढवले जाऊ नये, यासाठी बंदरावर एक अधिकारी नेमला जाई. त्याचे पदनाम होते 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'.

साठ वर्षांनी जहाजाची जागा विमानाने घेतली आणि ऊसमळ्यांची जागा आखातातल्या बांधकामांनी. एकेकाळी मुंबईहून कराची, मस्कत, दुबई करत बसऱ्यापर्यंत जाणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर कोकणातली माणसे डेकचे तिकीट काढून जात. 'ड्वार्का' ही त्यांतली बोट 1982 पर्यंत चालू होती. तेलाचे भाव वाढल्यावर भरतीचा धंदा एवढा फोफावला की जुना कायदा अपुरा पडू लागला. 1983 साली नवा परदेशगमन कायदा आला. भरती करणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची झाली. कमी शिकलेल्या कामगाराला ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी प्रोटेक्टरकडून मंजुरी घ्यावी लागू लागली. पदनाम मात्र तेच राहिले. मामा सातवीपर्यंत शिकलेले. त्यामुळे त्यांच्या पासपोर्टवर शिक्का बसला आणि त्यांना रांगेत उभे राहावे लागले.

मंजुरीसाठी प्रोटेक्टर दोन गोष्टी पाहतो, नोकरीचा करार आणि नोकरीचा व्हिसा. इथे दुसरा कागद येतो.

व्हिसा हा ज्या देशात जायचे त्या देशाने दिलेला कागद. अमुक काळात, अमुक कारणासाठी तुम्ही आमच्या दारापर्यंत या, एवढे तो सांगतो. पासपोर्ट असला तरी व्हिसा वेगळा लागतो. फार काय, पासपोर्ट ज्या देशाचा त्याच देशाचे दार बंद होऊ शकते, हे 1968 साली जगाने पाहिले. केनिया स्वतंत्र झाल्यावर तिथल्या अनेक भारतीयांनी ब्रिटिश पासपोर्ट ठेवले. त्यांत गुजराती बहुसंख्य होते आणि गोवेकरही होते. 1967 साली केनियाने कायदा केला की नागरिक नसलेल्याला कामासाठी परवाना लागेल. परवाने मिळेनात, तेव्हा ही माणसे ब्रिटनकडे निघाली. ब्रिटिश पार्लमेंटने अवघ्या तीन दिवसांत विधेयक मंजूर करून टाकले. ज्याचा स्वतःचा, आईबापाचा किंवा आजोबा-आजीचा ब्रिटनशी जन्माचा किंवा नागरिकत्वाचा संबंध नाही, त्याचा ब्रिटिश पासपोर्ट ब्रिटनमध्ये शिरायला पुरेसा उरला नाही. वर्षाला 1500 कुटुंबप्रमुखांनाच प्रवेशपत्रे मिळणार होती. एका माणसाच्या खिशात अस्सल पासपोर्ट, पण जिथे राहतो तिथे कामाचा परवाना नाही आणि जिथला पासपोर्ट तिथे प्रवेश नाही! तीन कागद एकमेकांपासून किती सुटे आहेत, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आखातातला व्हिसा आणखी एका बाबतीत वेगळा होता. तो माणसाला दिला जात नसे, मालकाला दिला जाई. स्थानिक नागरिक किंवा कंपनी 'कफील' म्हणून पुढे येई, 'हा माणूस माझ्या जबाबदारीवर येतो' असे लिहून देई, आणि व्हिसा त्याच्या नावावर निघे. कामगाराच्या हातात त्याची झेरॉक्स पडे. अस्सल कागद दुबईच्या विमानतळावर एका खिडकीत ठेवलेला असे. विमानातून उतरलेला माणूस त्या खिडकीशी जाई, स्वतःचा कागद घेई आणि मग शिक्क्याच्या रांगेत लागे. मामांच्या पिशवीत व्हिसाची झेरॉक्सच का होती, हे यावरून कळते. अस्सल प्रत त्यांनी हातात धरली ती विमानतळावरच्या पाच-दहा मिनिटांपुरती.

त्या झेरॉक्सवर हुद्द्याच्या जागी 'हेल्पर' लिहिलेले आहे. मामा वेल्डर होते. एजंटने सांगितले होते की व्हिसा ज्या हुद्द्याचा शिल्लक आहे तो घ्या, काम वेल्डिंगचेच मिळेल. काम मिळालेही. पण करारातला पगार हेल्परचा होता, आणि तक्रार करायची तर कागद हेल्परचाच बोलणार होता. परदेशी कामगाराच्या फसवणुकीतला हा सगळ्यात शांत प्रकार आहे. यात एकही कागद खोटा नसतो.

तिसरा कागद कामाचा परवाना. व्हिसा दार उघडतो, पण आत जाऊन हत्यार हातात घ्यायची मुभा वेगळी असते. अमिरातीत 1980 च्या कामगार कायद्याने ती कामगार खात्याकडे दिली. खात्याची मंजुरी आणि परवाना नसेल तर परदेशी माणसाला कामावर ठेवता येत नव्हते. देशात पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणी व्हायची, मग पासपोर्टवर राहण्याचा शिक्का बसायचा आणि एक कार्ड मिळायचे. त्याला आपली माणसे 'बताका' म्हणत. या कार्डावर कामगाराच्या नावाइतकेच महत्त्वाचे दुसरे नाव असे ते मालकाचे. परवाना 'दुबईत काम करण्याचा' नव्हता, 'अमुक मालकाकडे काम करण्याचा' होता. शेजारच्या गाळ्यात दोन दिवस वेल्डिंग केले तरी ते बेकायदा ठरे.

मामांचे काय झाले ते आता सांगता येते. पोहोचताच कंपनीने 'राहण्याच्या शिक्क्यासाठी' म्हणून पासपोर्ट घेतला. शिक्का बसला, पासपोर्ट कपाटात राहिला. तीन-साडेतीन वर्षे बरी गेली. नंतर कंपनीला कामे मिळेनाशी झाली आणि पगार थकू लागला. चार महिने थांबून मामा एका ओळखीच्या गावकऱ्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला गेले. कंपनीने ते पळून गेल्याची नोंद केली. त्या एका नोंदीबरोबर तिन्ही कागद एकदम कोसळले. परवाना त्या मालकाचाच होता, तो संपला. राहण्याचा शिक्का परवान्याच्या आधारावर उभा होता, तोही गेला. पासपोर्ट तेवढा शाबूत होता, पण तो कपाटात. काही वर्षांत त्याचीही मुदत संपली, आणि नवा मागायचा तर जुना दाखवावा लागणार होता.

लोक विचारतात, मग ते सरळ परत का नाही आले? परत यायला विमानतळावर पासपोर्ट लागतो, आणि मुदतीबाहेर राहिल्याचा दंड दिवसागणिक वाढत जातो. वेल्डरच्या कमाईतून तो फिटण्याजोगा नव्हता. म्हणून सहा वर्षे ते राहिले. आजोबांच्या मयतीलाही येता आले नाही. पैसे येत, पत्रे येत, माणूस येत नसे.

1996 साली अमिरात सरकारने माफी जाहीर केली. बेकायदा राहणाऱ्यांनी ठरलेल्या मुदतीत देश सोडला तर दंड आणि तुरुंग माफ. असल्या माफ्या नंतरही अनेकदा झाल्या, 2003, 2007, 2018 आणि अगदी 2024 सालीही. मामा भारतीय वकिलातीच्या रांगेत उभे राहिले. तिथे त्यांनी त्या झेरॉक्स दाखवल्या. आपण भारतीय आहोत हे त्यांवरून पटवता आले आणि त्यांना एक पानी कागद मिळाला. त्याचे नाव 'इमर्जन्सी सर्टिफिकेट'. आखातात सगळे त्याला 'आउटपास' म्हणतात. पेटीतला एकमेव अस्सल कागद तो हा. त्यावर एकाच प्रवासाची परवानगी असते, भारताकडे परत. त्याने दुसऱ्या कुठल्या देशात जाता येत नाही की कुठे काम करता येत नाही. पण पासपोर्टचा जो मूळ अर्थ, 'हा आमचा आहे, आम्ही याला घेऊ', तेवढाच शुद्ध स्वरूपात त्या एका पानावर उरलेला असतो.

आता काळ बदलला आहे, आणि ते सांगितले नाही तर हा लेख अपुरा राहील. अमिरातीत मालकाने पासपोर्ट अडकवणे आता कामगार कायद्यानेच मना केले आहे. 2011 पासून करार पुरा केलेल्या कामगाराला जुन्या मालकाच्या संमतीवाचून दुसरीकडे जाता येऊ लागले. 2016 पासून नोकरीचा देकार कामगाराला समजेल अशा भाषेत देऊन त्याची सही घेणे सक्तीचे झाले. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायलाही बंदी आहे. 2022 पासून राहण्याचा शिक्का पासपोर्टवर बसतच नाही, ओळखपत्र तेच काम करते. इकडे भारतात दहावी उत्तीर्ण झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर नसतो. ज्याच्यावर असतो त्याला 18 देशांत नोकरीसाठी जाताना मंजुरी लागते आणि ती आता ऑनलाइन होते. त्याबरोबर 10 लाखांचा विमा सक्तीचा आहे. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा कर याहून जास्त घेता येत नाही.

तरीही फट राहिली आहे, आणि ती नेमकी कागदांमधल्या फरकातच आहे. ईसीआर मंजुरी नोकरीला जाणाऱ्याला लागते, फिरायला जाणाऱ्याला लागत नाही. म्हणून एजंट कामगाराला पर्यटकाचा व्हिसा काढून देतात आणि 'तिकडे गेल्यावर बदलून घेऊ' म्हणतात. व्हिसा खरा असतो, विमानतळावर कोणी अडवत नाही. पण त्या व्हिसावर काम करता येत नाही. काम केले तर माणूस पहिल्या दिवसापासून बेकायदा. करार कुठल्याच सरकारदरबारी नोंदलेला नाही, विमा नाही, पगार बुडाला तर दाद मागायला परवाना नाही. मामांना निदान साडेतीन वर्षे कायद्याची होती. या मुलांना एक दिवसही नसतो.

गेल्या वर्षी गावातला एक मुलगा माझ्याकडे असाच कागद घेऊन आला. ''काका, व्हिसा आलाय, पुढच्या आठवड्यात जातोय,'' म्हणाला. चेहरा उजळलेला. आम्ही दोघांनी ओटीवर बसून कागद वाचला. प्रवेशाच्या प्रकारासमोर 'टुरिस्ट' लिहिले होते, मुदत साठ दिवसांची होती. हुद्द्याचा रकाना नव्हताच. प्रायोजकाच्या जागी एका प्रवासी कंपनीचे नाव होते, आणि एजंटने दाखवलेल्या नोकरीच्या पत्रावर भलत्याच कंपनीचे. नोकरीच्या व्हिसावर प्रकार नोकरीचाच लिहिलेला असतो, हुद्दा असतो, आणि प्रायोजक म्हणून जो मालक असतो तोच करारावर असतो. या तीन जागा जुळल्या नाहीत तर बाकीचा कागद कितीही सुंदर असो, तो कामाचा नाही. एजंटचे नाव सरकारच्या ईमायग्रेट संकेतस्थळावरच्या यादीत शोधले. तिथेही ते नव्हते.

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. पासपोर्ट एजंटकडेच होता, 'तिकिटासाठी' म्हणून दिलेला. मी त्याला म्हटले, आधी तो परत आण, बाकीचे मग बघू. पंधरा दिवस फेऱ्या मारून त्याने तो आणला. आगाऊ दिलेल्या पैशांतले निम्मेच परत मिळाले. तो सध्या चिपळूणला काम करतो आहे आणि रीतसर भरतीची वाट बघतो आहे.

पासपोर्ट घेऊन आला त्या संध्याकाळी मी त्याला मामांची पेटी दाखवली. आउटपासचा कागद त्याने उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, ''एवढाच?'' एवढाच, म्हटले. दहा वर्षांत हातचे गेलेल्या तीन कागदांच्या बदल्यात मामांनी परत आणलेला तो एकच कागद होता. मी तो पुन्हा पिशवीत घातला. पेटी मात्र माळ्यावर ठेवलेली नाही. ती आता ओटीवरच असते.